वीस औंस, पण कुणाचे?

एका पिंटाचे मिलिलीटर काढायला बसलं की उत्तर बऱ्याचदा ५९१ येतं. हिशोब करणारा तसा बरोबर वाटेनंच निघालेला असतो. ब्रिटिश पिंटात वीस औंस, एक औंस म्हणजे २९.५७ मिली, गुणाकार केला, झालं. गुणाकारात चूक नाही, चूक औंसात आहे. २९.५७ हा अमेरिकेचा औंस. ब्रिटनचा औंस २८.४१ मिलीचा, त्यानं वीसला गुणलं की ५६८ मिळतात. म्हणून पिंट मोजताना ‘किती औंस’ या प्रश्नाआधी ‘कुणाचे औंस’ हे विचारावं लागतं.

अगदी काटेकोर आकडा हवा असेल तर तो ५६८.२६१२५. ब्रिटनचा इंपिरियल गॅलन कायद्यानं ४.५४६०९ लिटरचा आहे आणि गॅलनात आठ पिंट, त्यातून ही शेपटी येते. बिअरच्या ग्लासापुढे ती निरर्थक आहे. पहिला घोट घेताना मिशीला लागते तेवढीसुद्धा ती नाही. ५६८ पुरे. अमेरिकेचा पिंट ४७३ मिलीचा, म्हणजे जवळपास शंभर मिलीनं लहान. तोंडी हिशोबाला दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की भागतं. सात ब्रिटिश पिंट म्हणजे चार लिटरला २२ मिली कमी. आणि पाच ब्रिटिश पिंट म्हणजे सहा अमेरिकी पिंट. या दुसऱ्या हिशोबात फरक पडतो तो फक्त सव्वादोन मिलीचा.

गंमत अशी की अमेरिकेचा औंस ब्रिटनच्या औंसापेक्षा मोठा, आणि पिंट मात्र लहान. कारण तिथे पिंटात सोळाच औंस. हा घोळ कुणी मुद्दाम घातलेला नाही. जुन्या इंग्लंडात एक गॅलन नव्हताच. वाइनचा गॅलन २३१ घन इंचांचा, एल आणि बिअरचा २८२ घन इंचांचा, धान्याचा आणखी तिसरा. मापी शेर आणि वजनी शेर एकाच बाजारात नांदवणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही.

२३१ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. सात इंच व्यासाचं आणि सहा इंच उंचीचं नळकांडं घ्या आणि शाळेतला बावीस सप्तमांश वापरून त्याचं घनफळ काढा. साडेतीनचा वर्ग सव्वाबारा, गुणिले सहा म्हणजे साडेत्र्याहत्तर, गुणिले बावीस भागिले सात, बरोबर २३१. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, राणी अ‍ॅनच्या काळात, हे माप कायद्यात पक्कं झालं आणि जहाजांतून अमेरिकेतल्या वसाहतींतही पोचलं.

पुढे वसाहती स्वतंत्र झाल्या. ब्रिटननं मापांची साफसफाई केली ती त्यानंतर, १८२४ च्या कायद्यानं. वाइनचा, एलचा, धान्याचा असे सगळे गॅलन मोडीत काढले आणि नव्या गॅलनाची व्याख्या पाण्यावर बसवली: ६२ अंश फॅरनहाइटला दहा पौंड पाणी जेवढी जागा व्यापतं, तेवढा एक गॅलन. दहा पौंड म्हणजे १६० औंस. एक औंस वजनाच्या पाण्याला लागते ती जागा म्हणजे औंसाचं माप, आणि आठ पिंटांत वाटले की प्रत्येकी वीस. ब्रिटनच्या पिंटात वीस औंस आले ते असे. नवा गॅलन सुमारे २७७ घन इंचांचा झाला, म्हणजे बिअरच्या जुन्या गॅलनाच्या जवळचा, पण किंचित लहान. बिअर पिणाऱ्याचा पिंट जुन्या हिशोबानं ५७८ मिलीच्या आसपास होता. या सुधारणेत त्याचे नऊएक मिली गेले, हे त्याला कुणी सांगितलं होतं का कोण जाणे.

अमेरिकेला या भानगडीत पडायचं काही कारण नव्हतं. १८३२ साली तिथल्या अर्थखात्यानं जकातीसाठी मापं ठरवली, तेव्हा हातात असलेला वाइनचाच गॅलन घेतला. त्यात १२८ औंस, पिंटात सोळा. म्हणजे अमेरिकी माणूस आज बिअर पितो ती वाइनच्या मापानं.

कागदावरचा पिंट आणि टेबलावरचा पिंट यांत पुन्हा अंतर असतं, आणि ते अमेरिकेत जास्त. तिथल्या बारमध्ये सर्रास दिसतो तो सरळ बाजूंचा, वर रुंद होत जाणारा शेकर ग्लास. मुळात तो कॉकटेल घुसळायच्या जोडीतला अर्धा भाग. सोळा औंस त्यात मावतात, पण काठोकाठ भरला तर. वरचं तोंड आतून साधारण आठ-सव्वाआठ सेंटीमीटर रुंद असल्यानं वरच्या एका सेंटीमीटरलाच पन्नासएक मिली बसतात. दोन सेंटीमीटर फेस ठेवला की शंभर मिली फेसात गेले आणि उरली जेमतेम ३७० मिली बिअर. फेसातही थोडी बिअर असते खरी, पण तिच्या जोरावर पिंट म्हणवत नाही. त्यात जाड बुडाचा ग्लास आला तर बाहेरून तोच दिसतो आणि आत मात्र चौदाच औंस मावतात. ओळखायचं असेल तर काचेचं बूड बोटभर जाड आहे का ते पाहावं. वीस औंसी ग्लासात ‘इंपिरियल पिंट’ देणारे बारही तिथे आहेत. तो ग्लास काठापर्यंत ५९१ मिलीचा, म्हणजे ५६८ ओतून फेसाला बोटभरही जागा राहत नाही.

ब्रिटनमध्ये ग्लासवर शिक्का असतो आणि नळाची बिअर विकायची ती ठरलेल्या मापांतच. तरीही काठोकाठ मापाच्या ग्लासात फेस आला की भांडण उरतंच. तिथल्या धंद्याचा संकेत असा, की फेस बसल्यावर निदान पंच्याण्णव टक्के बिअर हवी, आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर वरून भरून द्यावी. पाच टक्के म्हणजे २८ मिली, त्यांचा बरोबर एक औंस. काठाखाली रेघ असलेला मोठा ग्लास हा खरा उपाय. बिअर रेघेपर्यंत, फेस रेघेच्या वर. दुकानदारांना तो आवडत नाही, यातच काय ते आलं.

खरा फटका बसतो तो घरी बिअर गाळणाऱ्यांना. ब्रिटिश पुस्तकातली पाच गॅलनांची कृती म्हणजे पावणेतेवीस लिटर. अमेरिकेत राहणारा माणूस तेच माल्ट, कडवटपणा देणारे तेच हॉप्स घेतो आणि पाणी मात्र आपल्या पाच गॅलनांचं, एकोणीस लिटरला थोडं कमी, धरतो. किण्वनाआधीची घनता कृतीत १.०४० असेल तर घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०४८ दाखवेल. चार टक्के अल्कोहोलची सौम्य ‘बिटर’ बिअर पाच टक्क्यांच्या घरात जाते आणि कडवटपणाही साधारण त्याच प्रमाणात चढतो. हायड्रोमीटर आठ अंशांनी वर दिसला की धान्याला दोष देण्याआधी गॅलन कुठला ते बघावं. यीस्ट टाकायच्या आधी लक्षात आलं तर पावणेचार लिटर उकळून गार केलेलं पाणी घातलं की घनता जागेवर येते. हॉप्सचा हिशोब मात्र अगदी तंतोतंत जुळत नाही.

आणि मुंबई-पुण्यात ‘एक पिंट दे’ म्हटलं तर ३३० मिलीची बाटली येते. ती या दोन्ही पिंटांशी जुळत नाही. तिच्यावर मिलिलीटर छापलेले असतात, त्यामुळे कुणी विचारतही नाही.