काकूंनी नुसता पार्सलच्या लेबलचा फोटो टाकला, पुढं काय काय केलं

परवा आमच्या निपाणीतल्या गल्लीच्या ग्रुपवर शेजारच्या काकूंनी कुरिअरच्या लेबलचा फोटो टाकला, खाली एक अक्षर नाही. लेबलवर पूर्ण नाव, घर नंबर, मोबाईल नंबर सगळं स्वच्छ दिसत होतं आणि ग्रुपमध्ये दीडशे माणसं, म्हणून आधी काकूंना फोन करून तो 'सगळ्यांसाठी डिलीट' करायला लावला.

मग विचारलं, पार्सल हातात आलंय काय? काकू म्हणाल्या, "नाही रे बाळा, पोरानं पुण्यातनं पाठवलंय, औषधं हाईत, तिथला फोटो हाय, इंग्लिश मला वाचता येत नाही, पैसे भरायचे काय बघ की." हे पहिल्यांदा विचारायलाच पाहिजे, कारण पार्सल घरात आलेलं असेल तर ट्रॅकिंगचा काही उपयोग नाही. लेबलवर प्रीपेड होतं, म्हणजे दारात कुणाला एक रुपया द्यायचा नाही, तेवढं काकूंना मराठीत सांगितलं.

पण खरा घोळ पत्त्यात होता. निपाणी, व्हाया कागल, जि. कोल्हापूर, पिन ४१६२१६. हायवेवर कागल सोडलं की लगेच आपलं निपाणी लागतं म्हणून पुण्यातल्या लोकांना वाटतं हे कोल्हापूरच, पण ४१६२१६ हा कागलचा पिन, निपाणीचा ५९१२३७, आणि जिल्हा बेळगाव. पार्सलची विभागणी पिन बघून होते, गावाचं नाव कितीही बरोबर लिहिलं तरी गाडी पिनच्याच वाटेनं जाते. लेबलवरचा एडब्ल्यूबी नंबर, म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग नंबर, कुरिअरच्या साइटवर टाकला तर तेच, पार्सल कागलला पोचून 'ॲड्रेस इन्करेक्ट' म्हणून अडकलेलं. असंच पडून राहिलं की ते परत पुण्याला जातं.

पत्ता बदलायला आम्ही इथनं सांगून भागत नव्हतं, पाठवणाऱ्याचा शब्द पाहिजे. म्हणून काकूंच्या पोरानं पावतीवरच्या नंबरला फोन करून पिन आणि जिल्हा दुरुस्त करून घेतला, पार्सलवर नवीन लेबल लागलं, आणि ट्रॅकिंगमध्ये डेस्टिनेशन निपाणी दिसलं तेव्हा काकूंच्या जीवात जीव आला.

एवढ्यात काकूंना एक मेसेज पण आलेला, "पत्ता अपूर्ण आहे, लिंकवर पाच रुपये भरा". त्यात एडब्ल्यूबी नंबरच नव्हता आणि लिंक कुरिअरच्या साइटची नव्हती, उघडू नका म्हटलं. कुणी असं पैसे भरून फसलंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करायचा.

आणि लेबल दाखवायचंच झालं तर एडब्ल्यूबी नंबर आणि पिन तेवढा टाइप करून एकाच माणसाला पाठवा. फोटोच द्यायचा असेल तर नाव, मोबाईल, बारकोड, क्यूआर सगळं क्रॉप करून टाका, फोनमधल्या हायलायटरनं रेघ ओढून भागत नाही, ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे परत दिसतात.