आमची वाटचाल: नाक जागेवर ठेवायला शिकलो तेव्हा

इंदूरच्या रामबागेत आमचं चार माणसांचं एडिटिंगचं काम आहे. सुरुवात लग्नाच्या व्हिडिओंपासून झाली, मग जाहिराती आल्या आणि गेली काही वर्षं छोट्या चित्रपटांसाठी चेहरा बदलण्याची कामं येतात. म्हणजे धावणं, पडणं, उडी मारणं नटाच्या जागी त्याचा डबल करतो आणि पडद्यावर चेहरा मुख्य नटाचा दिसतो. नट आणि डबल, दोघांची लेखी संमती हातात आल्याशिवाय आम्ही फाइल उघडत नाही. या कामात आमची खरी प्रगती एकाच ठिकाणी झाली: डोक्याची हालचाल आणि चेहऱ्यावरचे हावभाव एकमेकांपासून वेगळे मोजायला लागलो तिथे.

आधी आम्ही चेहऱ्याला सपाट पृष्ठभाग मानून ट्रॅक करायचो. कपाळ आणि गाल मिळून एक चौकट, तिच्यावर नवा चेहरा, म्हणजे मास्क, चिकटवायचा आणि घसरेल तिथे हाताने की-फ्रेम द्यायची, म्हणजे त्या फ्रेमपुरती त्याची जागा स्वतः ठरवायची. डोकं जेमतेम दहा-पंधरा अंश वळलं तर हे चालून जातं. त्यापुढे नाक चौकटीबाहेर येतं आणि पलीकडचा गाल आक्रसतो, कारण चेहरा सपाट नाही. चार सेकंदांच्या शॉटला तीन-तीन दिवस लागायचे आणि तरी मास्क थरथरलेला दिसायचा.

मग चेहऱ्यावरचे बिंदू आपोआप शोधणारी साधनं वापरायला घेतली. `dlib` या लायब्ररीचं 68 बिंदूंचं मॉडेल आमच्याकडे अजूनही वापरात आहे. ते प्रत्येक फ्रेममध्ये जबडा, भुवया, नाक, डोळे आणि ओठ यांवर बिंदू देतं. तयार त्रिमिती चेहरा त्या बिंदूंवर बसवला की डोकं किती वळलं, किती झुकलं आणि कॅमेऱ्यापासून किती लांब आहे ते मिळतं. पहिले काही शॉट छान निघाले, म्हणून आम्हाला वाटलं प्रश्न सुटला. पण ते सगळे तोंड मिटलेले शॉट होते.

गाडी अडली ती कृष्णपुरा छत्रीच्या, म्हणजे नदीकाठच्या होळकरांच्या स्मारकाच्या, पायऱ्यांवरच्या शॉटवर. सेकंदाला 25 फ्रेमच्या वेगाने चित्रित केलेल्या 104 फ्रेम. डबल पायऱ्या उतरत येतो, उजवीकडे वळून पाहतो आणि ओरडतो. ओरडणं फ्रेम 41 ते 56 मध्ये. नेमका तिथेच मास्क खाली सरकायचा, जरा मोठा व्हायचा आणि तोंड मिटलं की परत जागेवर यायचा. फ्रेम-फ्रेम थांबवून पाहिलं तर चूक पकडता येत नव्हती, कारण प्रत्येक फ्रेम एकटी बरी दिसायची. सलग चालवलं की नटाचा चेहरा डबलच्या डोक्यावर मुखवट्यासारखा डुलायचा.

कारण 68 बिंदूंच्या वाटणीत आहे. त्यातले 17 जबड्याच्या कडेवर आणि 20 ओठांवर आहेत. म्हणजे तोंड उघडलं की 68 पैकी 37 बिंदूंवर परिणाम होतो. आम्ही बसवत होतो तो त्रिमिती चेहरा मात्र मिटल्या तोंडाचा. हनुवटी खाली गेलेली दिसली की गणित दोनच अर्थ लावू शकतं: डोकं खाली आलं किंवा कॅमेऱ्याच्या जवळ आलं. ते दोन्ही थोडं थोडं मान्य करून चूक सगळ्या बिंदूंवर वाटून टाकतं. हावभाव डोक्याच्या हालचालीत झिरपतो आणि मास्कचे डोळे डबलच्या डोळ्यांवरून घसरतात. आमच्या शॉटमध्ये ते सात पिक्सेल घसरत होते. चेहरा पडद्यावर साधारण चारशे पिक्सेल उंच असताना एवढं कोणालाही दिसतं.

उपाय असा: डोक्याची स्थिती काढताना फक्त हाडाला धरून असलेले बिंदू घ्यायचे. नाकाचं हाड, नाकाखालचा मध्य आणि डोळ्यांचे आतले-बाहेरचे कोपरे. भुवया नाहीत, कारण आश्चर्य वाटलं की त्या उचलल्या जातात. नाकपुड्यांच्या कडाही नाहीत, हसताना त्या पसरतात. OpenCV या लायब्ररीत ते असं लिहितो, `model` म्हणजे त्रिमिती चेहऱ्याचे बिंदू आणि `pts` म्हणजे फ्रेममध्ये सापडलेले:

```
RIGID = [27, 28, 29, 30, 33, 36, 39, 42, 45]
ok, rvec, tvec = cv2.solvePnP(
    model[RIGID], pts[RIGID], K, dist,
    rvec, tvec, useExtrinsicGuess=True,
    flags=cv2.SOLVEPNP_ITERATIVE)
```

मागच्या फ्रेमचं उत्तर पुढच्या फ्रेमला अंदाज म्हणून दिलं आहे, त्यामुळे एखाद्या धूसर फ्रेमवर डोकं भलतीकडे उडी मारत नाही. पहिल्या फ्रेमला मात्र हा अंदाज हाताने, नीट पाहून द्यावा लागतो.

इथे `K` मध्ये लेन्सची माहिती जाते आणि नवखी मुलं तिथेच चुकतात. फोकल लांबी पिक्सेलमध्ये हवी: लेन्सचे मिलिमीटर गुणिले फ्रेमची रुंदी, भागिले सेन्सरची रुंदी. 35 मिमी लेन्स, 23.5 मिमी रुंदीचा सेन्सर आणि 1920 पिक्सेलची फ्रेम असेल तर साधारण 2860. हा आकडा चुकीचा असला तर समोरून सगळं ठीक दिसतं, पण डोकं वळताना मास्क फुगतो किंवा आकसतो. कॅमेऱ्याने व्हिडिओसाठी सेन्सरचा थोडाच भाग वापरला असेल तर रुंदीही तेवढ्याच भागाची धरायची. डिजिटल स्टॅबिलायझेशन चालू ठेवून शूट केलेलं फुटेज असेल तर हा भाग दर फ्रेमला सरकतो. म्हणून ते सेटवरच बंद ठेवायला आम्ही आधीच सांगतो.

नऊच बिंदू घेतल्याची किंमतही मोजावी लागते. ते सगळे चेहऱ्याच्या मध्यात, जवळजवळ एकाच पातळीवर आहेत, त्यामुळे मान वर-खाली किती झाली ते डळमळीत येतं. बिंदू एक पिक्सेल हलला तरी कोन एक-दोन अंशांनी बदलतो. हे टाळायला आता शूटच्या आधी डबलच्या दोन्ही कानांच्या वरच्या मुळाशी पाच मिलिमीटरचे गोल स्टिकर लावून घेतो. कान नाकापेक्षा बरेच मागे असल्यामुळे कोन पक्का होतो. कानशिलावर लावून पाहिले होते, पण दात आवळले की तिथला स्नायू फुगतो. जबड्याच्या सांध्यावर तर लावायचेच नाहीत.

एवढं करूनही बारीक थरथर उरते. ती घालवायला सगळ्या बिंदूंची पाच फ्रेमची सरासरी काढणं ही आमची दुसरी मोठी चूक होती. पापणी मिटून उघडायला 25 फ्रेमच्या वेगात तीन ते आठ फ्रेम लागतात. पाच फ्रेमची सरासरी घेतली की पापणी अर्धीच मिटते आणि ओरडण्याची सुरुवात बोथट होते. म्हणून आता डोक्याची स्थिती वेगळी गुळगुळीत करतो आणि हावभाव वेगळे. डोकं जड असतं, ते झटक्यात सुरू होऊन झटक्यात थांबत नाही. तिथे सात फ्रेमची सरासरी चालते. फिरण्याचे कोन सुटे धरून सरासरी काढत नाही, फिरणं चार आकड्यांत एकत्र मांडणाऱ्या क्वाटर्नियनवर काढतो, आणि त्याआधी शेजारच्या फ्रेममध्ये चिन्ह उलटं झालेलं नाही ना ते पाहतो. हावभावांना वेगाप्रमाणे सैल होणारा गाळणा लावतो, 2012 सालचा वन युरो फिल्टर. हालचाल मंद असताना तो घट्ट धरतो, वेगवान झाली की सोडतो. त्याने थोडं मागे पडायला होतं, पण फुटेज आपल्याकडे पूर्ण असतं. म्हणून एकदा पुढून आणि एकदा मागून चालवून दोन्हींचा मध्य घेतो.

हावभाव मोजायचे ते डोक्याची हालचाल वजा केल्यावर. तोंडासाठी आम्ही एकच आकडा पाहतो: आतल्या ओठांमधलं अंतर, म्हणजे बिंदू 62 ते 66, भागिले डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांमधलं अंतर, 36 ते 45. छत्रीच्या शॉटमध्ये हा आकडा चार फ्रेममध्ये 0.02 वरून 0.31 वर गेला. नटाला आम्ही स्टुडिओत तसंच ओरडायला लावून चित्रित केलं होतं आणि त्याचाही असाच आलेख काढला. तो दोन फ्रेम उशिरा चढत होता. दोनच फ्रेम, पण तेवढ्यात डबलची हनुवटी मास्कखालून डोकावते आणि पडद्यावर दोन हनुवट्या दिसतात. नटाचं फुटेज तिथे दोन फ्रेम आधी आणल्यावर त्या गेल्या.

मास्कची कड जबड्याच्या कडेपर्यंत नेत नाही, थोडी आतच थांबवतो. जबड्याची कड, मान आणि तिची सावली डबलचीच ठेवल्याने बराच त्रास वाचतो. कडेचा मऊपणा पिक्सेलमध्ये ठरवला तर डबल जवळ येताना कड कापल्यासारखी दिसायला लागते, म्हणून तो चेहऱ्याच्या रुंदीच्या चार टक्के ठेवतो. धूसरपणाही जुळवावा लागतो. 25 फ्रेम आणि 1/50 सेकंदाचं शटर असेल तर एका फ्रेममध्ये 20 पिक्सेल सरकलेलं डोकं 10 पिक्सेल पसरलेलं असतं. भर उन्हात 1/1000 वर शूट झालं असेल तर पसरणं जवळजवळ नसतंच. मास्कला सवयीने ठरावीक धूसरपणा दिला की तो उठून दिसतो.

तपासणीची आमची पद्धत साधी आहे. मिळालेली डोक्याची हालचाल उलटी करून मूळ फुटेजवर लावायची. मग छत्री, पायऱ्या, नदी सगळं हेलकावे खातं आणि चेहरा मध्यभागी स्थिर राहतो. नाकाच्या हाडावर बोट ठेवून पाहायचं: तोंड उघडताना नाक हललं, तर हावभाव अजून झिरपतो आहे. नाक सतत थरथरत असेल तर गाळणा सैल आहे. डोकं वळतानाच हललं तर लेन्सचा आकडा चुकला आहे. त्यानंतर त्रिमिती चेहऱ्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन रंगवून तो शॉटवर चालवतो. गालावरचे चौकोन कातडीवरून घसरले तर लगेच दिसतं, जे खऱ्या चेहऱ्यात लपून जातं. दोन्ही चाचण्या पूर्ण वेगात, पुन्हा पुन्हा चालवून पाहतो.

काही शॉट आजही यात बसत नाहीत. डोकं साठ अंशांपेक्षा जास्त वळलं की पलीकडचा डोळा दिसत नाही आणि तिथले बिंदू मॉडेल अंदाजाने टाकतं. दिसायला ते नीटनेटके असतात, म्हणूनच फसवतात. तिथे आम्ही ते बिंदू गणितातून काढून टाकतो, अलीकडचा कान धरतो आणि दर सहा-आठ फ्रेमला हाताने की-फ्रेम देतो. चेहऱ्यासमोरून हात किंवा ओढणी गेली तर तेवढ्या फ्रेमचा रोटो, म्हणजे फ्रेमगणिक हाताने कड आखून तो भाग सुटा करणं, वेगळा होतो आणि त्याचे पैसेही वेगळे लावतो. छत्रीसारखा शॉट आता एका दिवसात होतो. साठ अंशांपलीकडच्या शॉटला दोन दिवस धरतो आणि दिग्दर्शकाला शूटच्या आधीच विचारतो, डबलने तिथे एवढं वळायलाच हवं का.