तुम्ही विचारलंत म्हणून: गियरवाली की ऑटोमॅटिक?

"ताई, वय ४१, स्टिअरिंगला हात लावला की घाम फुटतो. इंदूरच्या ट्रॅफिकमध्ये शिकायचंय, गियरवाली घेऊ की ऑटोमॅटिक?"

ऑटोमॅटिक घ्या. मी गियरवालीवर शिकले, ४३व्या वर्षी, म्हणूनच सांगतेय.

क्लासमध्ये मला सगळं छान जमत होतं. राजवाड्याच्या गर्दीतसुद्धा गाडी एकदाही बंद पडली नाही, मी खूश! नंतर कळलं की शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो, आणि भिया पूर्ण वेळ त्यावर पाय ठेवून बसलेले, म्हणजे हाफ क्लच तेच धरायचे आणि मी नुसतं स्टिअरिंग फिरवायचे. हे खरंच तपासा, एक दिवस त्यांना पाय वर घेऊन बसायला सांगा.

मग घरची गाडी घेऊन एकटी निघाले आणि भंडारी पुलाच्या चढावर जाम. पुढची गाडी सरकली, मी ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरकडे पाय नेईपर्यंत गाडी मागे घसरायला लागली, मागे ई-रिक्षा, घाबरून क्लच झटकन सोडला आणि गाडी बंद. असं तीनदा. चौथ्यांदा मागचे एक काका उतरून आले आणि म्हणाले, आधी हँडब्रेक ओढा, पहिला गियर टाका, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू सोडा, इंजिनचा आवाज जड झाला आणि बोनेट जरासं उचललं गेलं की मग हँडब्रेक सोडा. गाडी निघाली! गियरवालीच घेणार असाल तर हे एवढं रिकाम्या चढावर घोटून घ्या, बाकी सगळं येतं.

ऑटोमॅटिकमध्ये ही भानगड जाते, पण पूर्ण नाही. स्वस्तातल्या बऱ्याच ऑटोमॅटिक एएमटी असतात, म्हणजे आत क्लच आहेच, फक्त तो मशीन दाबतं. ब्रेक सोडल्यावर गाडीला चढावर आपोआप धरून ठेवणारा हिल होल्ड नसेल तर तीही मागे येऊ शकते, आणि असला तरी तो दोन-तीन सेकंदच धरतो. त्यामुळे टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर नका घेऊ, चढावर थांबवून बघा. आणि जाममध्ये चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी धरून ठेवायची नाही, क्लच तापतो, जळका वास येतो. ब्रेकच दाबून ठेवायचा.

दुसरं, डावा पाय. त्याला काही कामच नाही, पण गियरवालीवर शिकलेला पाय क्लच समजून ब्रेकवर आदळतो (मी आदळलाय, नवऱ्याचं डोकं डॅशबोर्डपर्यंत गेलं, सीटबेल्ट नव्हता लावला, त्याचीच चूक). डावा पाय मागे ओढून ठेवा. उजव्याची टाच ब्रेकसमोर टेकवा आणि पुढचा भाग फक्त फिरवा. सपाट रस्त्यावर हळू चालणाऱ्या जाममध्ये तर ॲक्सिलरेटर सहसा लागतच नाही, ब्रेक ढिला केला की गाडी आपली आपण सरकते.

लायसन्सचं विचाराल तर कारसाठी ते एकच असतं, ऑटोमॅटिकचं वेगळं नसतं. पण म्हणून उद्या भावाची गियरवाली घेऊन लग्नाला निघू नका हं.