नंबर आमचा, विमान दुसऱ्यांचं

दुपारी 12:41 ला एक बाई ट्रॉली ढकलत आमच्या चेक-इन काउंटरवर आल्या. पासपोर्ट, तिकिटाची प्रिंट, सगळं हातात तयार. मी पासपोर्ट स्कॅन केला, तर यादीत त्यांचं नावच येईना. असं झालं की पहिली शंका तारखेची येते, पण तारीख बरोबर होती. मग प्रिंट नीट बघितली. वर ठसठशीत आमच्या कंपनीचं नाव, आमचा कोड आणि चार आकडी फ्लाइट नंबर, सुटायची वेळ 14:20. त्याखाली बारीक करड्या अक्षरांत ‘Operated by’ आणि पुढे दुसऱ्याच कंपनीचं नाव. ती कंपनी आमच्या टर्मिनलवरून उडत नाही.

हा कोडशेअरचा प्रकार. दोन कंपन्या करार करतात आणि एकाच विमानावर दोघीही आपापला नंबर लावून तिकिटं विकतात. तिकीट आम्ही विकलं तरी विमान, कर्मचारी, काउंटर आणि टर्मिनल उडवणाऱ्या कंपनीचं असतं. काउंटर किती वाजता बंद होणार, हेही तीच ठरवते. प्रवासी मात्र साहजिकच वर छापलेलं नाव वाचून घरून निघतो. टर्मिनलचा नंबर प्रिंटवर होता, पण शहराच्या नावाच्या शेपटाला, तोही एका अक्षरात आणि एका आकड्यात. तो कुणी वाचला नाही तर त्याला वेंधळा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बाईंचा पहिला प्रश्न होता, “अजून दीड तास आहे ना?” दीड तास विमान सुटायला होता. पण त्यांच्याकडे चेक-इन करायची मोठी बॅग होती आणि त्या कंपनीचा काउंटर आंतरराष्ट्रीय उड्डाणाला 60 मिनिटं आधी, म्हणजे 13:20 ला बंद होणार होता. हातात खरी 39 मिनिटं. नुसती केबिन बॅग असती, तर हिशेब गेट बंद होण्याच्या वेळेवर, 14:00 वर, गेला असता आणि थोडी उसंत मिळाली असती. चुकीच्या टर्मिनलवर पोचलेल्या माणसाला मी म्हणूनच आधी विचारते, बॅग द्यायची आहे का?

त्यांना सोडायला आलेला भाचा नुकताच गाडी घेऊन निघाला होता. त्याला परत बोलवू का, असं त्या विचारत होत्या. मी नको म्हटलं. आमच्याकडचे रस्ते एकेरी आहेत. बाहेर पडलेली गाडी पूर्ण वळसा घालूनच परत येते आणि त्यात दहा-बारा मिनिटं सहज जातात. दोन टर्मिनलना जोडणारी मोफत बस होती, पण ती दर 20 मिनिटांनी, आणि आधीची 12:40 ला सुटलेली. नकाशावर दोन्ही टर्मिनल समोरासमोर दिसतात, पण मधे धावपट्टी आहे. ती ओलांडता येत नाही, म्हणून रस्ता तिला वळसा घालून जातो. पुढची बस 13:00 ची, वाटेत दोन थांबे, म्हणजे पोचायला 13:20 होणार. बसची आशा तिथेच सोडली.

राहिली टॅक्सी. इथे लोक हमखास वेळ घालवतात. डिपार्चरच्या दारासमोर ज्या टॅक्सी दिसतात, त्या प्रवासी सोडायला आलेल्या असतात आणि त्यांना तिथून भाडं घ्यायची परवानगी नसते. भाड्याच्या टॅक्सीची रांग खाली, अरायव्हलच्या मजल्यावर. ट्रॉली सरकत्या जिन्यावर नेता येत नाही, लिफ्टच घ्यावी लागते. एका सहकाऱ्याला मी त्यांच्याबरोबर लिफ्टपर्यंत पाठवायचं ठरवलं.

त्याआधी तीन मिनिटं मी त्यांना जागेवर थांबवून ठेवलं. त्यांची चुळबुळ चालली होती, पण ही तीन मिनिटं वाया जाणारी नव्हती. कोडशेअरच्या बुकिंगला दोन रेफरन्स असतात: एक आमच्या सिस्टिमचा, एक उडवणाऱ्या कंपनीच्या सिस्टिमचा. प्रिंटवर फक्त आमचा होता आणि तो त्यांच्या वेबसाइटवर चालत नाही. “वेबसाइट म्हणते, असं बुकिंगच नाही,” ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. दुसरा सहा अक्षरी रेफरन्स मी आमच्या बुकिंगमधून काढून दिला आणि बाईंनी माझ्यासमोरच फोनवर ऑनलाइन चेक-इन केलं. बोर्डिंग पास आला नाही, कारण व्हिसा काउंटरवर तपासायचा होता. पण सीट मिळाली आणि त्यांच्या यादीत नाव ‘चेक-इन झालेले’ असं लागलं. विमान भरलेलं असेल, तर चेक-इन न केलेल्यांच्या जागा आधी धोक्यात येतात. तो प्रश्न मिटला.

त्या लिफ्टकडे गेल्यावर मी पलीकडच्या ड्युटी मॅनेजरना फोन लावला. विमान थांबवा, असं कुणी कुणाला सांगत नाही आणि सांगून उपयोगही नसतो. मी एवढंच कळवलं: एक प्रवासी, एक बॅग, चेक-इन झालेलं, टॅक्सीत बसतेय, 13:15 च्या सुमारास तुमच्याकडे. त्यांनी विचारलं, बॅग किती किलोची? 19. ठीक आहे म्हणाले. वजन जास्त निघालं असतं तर पैसे भरण्यात किंवा सामान उपसण्यात पाच मिनिटं गेली असती.

उशिराच्या बॅगेला काउंटरवाले का कचरतात, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. बॅग पोटात आणि प्रवासी बाहेर, अशा अवस्थेत आंतरराष्ट्रीय विमान सोडता येत नाही. तो सुरक्षेचा नियम आहे. प्रवासी गेटवर आला नाही, तर टॅगच्या नंबरवरून ती बॅग शोधून उतरवावी लागते. छोट्या विमानात बॅगा सुट्या रचलेल्या असतात, त्यामुळे आत दडलेली एक काढायला पुढच्या कित्येक हलवाव्या लागतात. त्यात विमानाची सुटायची ठरलेली वेळ हुकली, तर नवी वेळ मिळेपर्यंत सगळे अडकून बसतात. म्हणून बॅग घेताना काउंटरवाला मनात एकच हिशेब करतो: हा माणूस गेटपर्यंत पोचेल का? आमचा फोन गेला होता, त्यामुळे त्या हिशेबात बाईंची बाजू जरा भक्कम झाली.

टॅक्सी 12:56 ला निघाली. त्या काउंटरवर पोचल्या 13:13 ला, टॅग लागला 13:17 ला. ड्युटी मॅनेजरनी बॅग सगळ्यात शेवटी, होल्डच्या दाराजवळ ठेवायला सांगितली, म्हणजे गरज पडली तर झटकन काढता यावी.

पुढची धावपळ त्यांची त्यांनी केली. सिक्युरिटीच्या रांगेत घोळक्याच्या मागे न थांबता त्यांनी रांग सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला बोर्डिंग पासवरची वेळ दाखवली आणि त्याने त्यांना बाजूच्या लेनमध्ये घातलं. लॅपटॉप आणि पाण्याची बाटली आधीच काढून ठेवा, हे मी निघताना बजावलं होतं. बाटली मात्र पिशवीतच राहिली आणि पिशवी परत तपासणीला गेली. चार मिनिटं तिथे गेली. इमिग्रेशनमधून सुटल्या 13:46 ला. गेट शेवटच्या टोकाला होतं. गेटच्या मशीनवर पास वाजला तेव्हा 13:57 झाले होते.

विमान गाठता आलं नसतं, तर 14:20 च्या आत कंपनीला कळवणं गरजेचं होतं. न कळवता राहिलेला प्रवासी नो-शो ठरतो आणि बहुतेक तिकिटांवर त्यापुढचे सगळे टप्पे, परतीचा प्रवाससुद्धा, आपोआप रद्द होतात. त्या दिवशी ती वेळ आली नाही.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. मावशीला आणायला कुठे यायचं, असं विचारत होता. मी बुकिंग उघडून बघितलं. परतीचं विमान आमचंच होतं, म्हणजे उतरणार आमच्या टर्मिनलवर. त्याला म्हटलं, “या वेळी इकडेच या, खालच्या मजल्यावर.”