चौसष्ट घरांचा चेहरा

भाचा नाशिकला, मी पुण्यात. त्यामुळे दर रविवारी संध्याकाळी आमची भेट माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या कॉम्प्युटर गेममध्ये होते. तिथे वर्षभर मी स्टीव्हच होते, म्हणजे आयता मिळालेला निळ्या शर्टातला गडी. शेवटी तोच वैतागला. "मावशी, तुझ्याशी बोलतोय असं वाटतच नाही. तुझा चेहरा कर ना." मी लगेच खिडकीपाशी उभी राहून एक सेल्फी काढला. पुढचं तासाभराचं काम असेल असं समजून बसले, त्यात तीन संध्याकाळी गेल्या.

खेळातल्या आपल्या माणसाचं रंगरूप म्हणजे स्किन, आणि तिची फाइल ६४ बाय ६४ पिक्सेलची एक छोटीशी पीएनजी असते. गिंप या फुकट प्रोग्रॅममध्ये ती उघडली की शिंप्याने बेतून पसरलेलं कापड बघतोय असं वाटतं. डोक्याचे सहा तुकडे, धडाचे सहा, प्रत्येक हातापायाचे सहा. हे सगळे कडेला कड लावून घडी घातले की माणूस तयार. चेहऱ्याच्या वाट्याला यातले फक्त ८ बाय ८ पिक्सेल येतात. बुद्धिबळाच्या पटाइतकी घरं, आणि त्यात केसही आले.

पहिली चूक सगळेच करतात तीच केली. सेल्फीतला चेहरा चौकोनी कापला आणि सरळ आठ पिक्सेलवर लहान केला. गिंपने शेजारशेजारच्या रंगांची सरासरी काढली आणि डोळे, भुवया, ओठ सगळं एकत्र कालवून गव्हाच्या खिरीसारखा चौकोन माझ्यापुढे ठेवला. इंटरपोलेशन None करून पाहिलं, तर सरासरी थांबली, पण कुठला पिक्सेल उचलला जाईल याचा नेम नाही. एका डोळ्याच्या जागी पापणी आली, दुसऱ्याच्या जागी गाल.

मग फोटो बाजूला ठेवला आणि त्यातून फक्त रंग उचलले: कपाळाचा उजळ, गालाचा मधला, हनुवटीखालचा गडद, केसांचे दोन, ओठांचा एक. आणि दोसुतीवर टाके मोजून भरतात तशी एकेक घर भरत गेले. वरच्या दोन ओळी केस, तिसरी कपाळ, चौथी भुवया, पाचवी डोळे, सहावी नाक, सातवी ओठ, आठवी हनुवटी. प्रत्येक डोळ्याला दोन घरं, एक पांढरं आणि नाकाच्या बाजूचं एक काळं. एवढ्यावर चेहरा कुणाचातरी दिसायला लागतो. माझा दिसला तो मात्र केसांमुळे आणि चमकीमुळे.

आठ ही सम संख्या, त्यामुळे बरोबर मध्यावर घरच नाही. मी मधोमध भांग पाडते. तो एका पिक्सेलचा केला की एका बाजूला कलतो, दोन पिक्सेलचा केला की रस्त्यासारखा रुंद दिसतो. शेवटी भांग डावीकडे पाडला, दुसरा इलाज नव्हता.

चमकीचं प्रकरण वेगळंच. सोनेरी एक पिक्सेल, नाकाच्या दोन घरांपैकी एका घरात. फोटोत बघून ठेवला. रविवारी भाच्याने मला पाहिलं आणि पहिलंच वाक्य, "मावशी, चमकी उजवीकडे कशी गं?" मी आरशात पाहिलं. डावीकडेच होती. माझा फोन सेल्फी आरशासारखा उलटा करून जतन करतो, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. स्किनच्या शीटवरचा चेहरा मात्र समोरच्याला दिसतो तसा असतो. तिथे माझी डावी बाजू बघणाऱ्याच्या उजवीकडे येते. म्हणजे शीटच्या डाव्या कडेला शून्य धरून मोजलं तर चमकी आडव्या अकराव्या घरात नाही, बाराव्या घरात हवी होती. फोटो आधी आडवा उलटवून घेतला असता तर हा घोळ झालाच नसता. शर्टाचा खिसा, घड्याळ, एखादा तीळ, काहीही एका बाजूचं असेल तर ते आधी ताडून बघा.

डोक्याच्या बाजू करताना मी आणखी एक गंमत केली. शीटवर चार तुकडे ओळीने येतात: उजवी बाजू, चेहरा, डावी बाजू, मागचं डोकं. उजव्या बाजूवर कानशिलाकडून मागे उतरत जाणारे केस छान रंगवले, उचलले आणि डाव्या बाजूवर चिकटवले. खेळात F5 दोनदा दाबून स्वतःला समोरून पाहिलं, तर डाव्या गालाशेजारी केसांची भिंत आणि कानशील मानेकडे! उजव्या तुकड्याची चेहऱ्याला जुळणारी कड उजवीकडे असते, डाव्याची डावीकडे. म्हणून चिकटवल्यावर तो तुकडा आडवा उलटवावा लागतो. ब्लाउजच्या दोन बाह्या एकाच बाजूच्या बेतल्या तर काय होईल, तेच झालं होतं.

कपड्यांत फार जीव काढला नाही. सेल्फीतल्या जांभळ्या कुर्त्यावर बांधणीचे ठिपके होते. ते घातले तर गोवर उठल्यासारखं दिसलं, म्हणून काढून गळ्याला एक पिवळी ओळ ठेवली. कुर्त्याचा घेर पायांवर उतरवायला शीटवरचा दुसरा थर कामी आला. प्रत्येक अवयवावर असा एक किंचित मोठा बाहेरचा थर असतो, आणि त्यात रिकामं सोडलेलं घर खरोखर पारदर्शक राहतं. आतल्या थराला ही सवलत नाही. पायांची आतली बाजू मी रिकामी सोडली होती. उभी असताना काही कळलं नाही, पण चालायला लागले की मांड्यांच्या मधे काळे पट्टे लपकायचे.

वेणीने शेवटची संध्याकाळ खाल्ली. धडाच्या मागच्या बाजूला, बाहेरच्या थरावर, दोन पिक्सेल रुंद वेणी कमरेपर्यंत सोडली. एकाआड एक गडद-फिकट घरांनी पेडसुद्धा दिसत होते. पण या खेळात डोकं वेगळं वळतं आणि धड वेगळं. मी बाजूला पाहिलं की डोकं वळायचं, वेणी तिथेच पाठीला चिकटलेली. मागून भाचा ओरडला, "मावशी, वेणी तुटली!"

यावर रंगाने काही उपाय होत नाही. डोक्याबरोबर वळायचं तर ते डोक्याच्याच तुकड्यांवर हवं. म्हणून वेणी पुसली आणि डोक्याच्या बाहेरच्या थरावर, मागच्या बाजूला, चार बाय चारचा अंबाडा बांधला. हा थर डोक्यापासून अर्धा पिक्सेल बाहेर असतो, त्यामुळे अंबाडा थोडा उठून दिसतो. भोवती पांढऱ्या ठिपक्यांचा गजरा माळला. तो मात्र मऊ ब्रशने माळला, आणि ब्रशने कडांना अर्धपारदर्शक घरं सोडली. खेळात गजऱ्याभोवती धुकं दिसत होतं. सगळं खोडून पेन्सिल टूलने परत भरलं.

लाँचरमध्ये Skins मध्ये जाऊन फाइल चढवली. हात चार पिक्सेल रुंद रंगवले होते म्हणून Classic निवडलं. Slim चे हात तीनच पिक्सेलचे, त्यात बाहीची किनार सरकली असती.

रविवारी भाचा माझ्याभोवती दोन चकरा मारून थांबला.

"चमकी बरोबर आहे," म्हणाला. "पण तू अंबाडा कधी घालतेस?"