पंचवीस माणसं, एक पान

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, सीएनसीवर मशीनिंग होतं आणि माल ग्राहकाकडे जातो. मालक धरून आम्ही पंचवीसजण. मी हिशेब आणि प्रशासन बघते. गेल्या वर्षी एका ग्राहकाची माणसं कारखाना बघायला येणार होती. त्यांनी आधी मागवलेल्या कागदांत ऑर्गनायझेशन चार्ट होता. आमच्याकडे तो नव्हता.

आयएसओ 9001:2015 या गुणवत्ता मानकाच्या 5.3 या कलमात चार्ट काढाच असं लिहिलेलं नाही. जबाबदारी आणि अधिकार कोणाकडे आहेत हे ठरलेलं असावं, सांगितलेलं असावं आणि माणसांना समजलेलं असावं, एवढीच अपेक्षा आहे. पण चार्ट हा ते दाखवायचा सगळ्यात सोपा मार्ग, म्हणून सगळेच मागतात.

पहिला चार्ट मी एका दुपारीच केला. पॉवरपॉइंटमध्ये टेक्स्ट बॉक्स घेतले, त्यांना बॉर्डर दिली, मध्ये रेघा ओढल्या. प्रिंट काढली आणि भिंतीला लावायच्या आधी आमच्या पहिल्या पाळीच्या सुपरवायझरना दाखवली. वीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, माझा चौकोन हेल्परपेक्षा लहान का?"

खरंच लहान होता. टेक्स्ट बॉक्स मजकुराप्रमाणे स्वतःची उंची बदलतो. सुपरवायझरच्या चौकोनात दोन शब्द होते, हेल्परच्या चौकोनात दोघांची नावं. माझ्या दृष्टीने ती फक्त मांडणी होती. पण चार्ट वाचणारा आकारावरून मान मोजतो, आणि ते चूक आहे असं मला वाटत नाही. कागदावर मोठं दिसेल ते मोठंच.

तो कागद मी फाडला. दुसऱ्या वेळी कॉम्प्युटर उघडायच्या आधी वही घेऊन शॉपमध्ये फिरले. 'तुमचा साहेब कोण?' असं विचारलं की सगळे मालकाचंच नाव सांगतात, म्हणून प्रश्न बदलले. रजा कोणाला मागता? मशीन बंद पडलं तर पहिला निरोप कोणाला? काम चुकलं तर जाब कोण विचारतं? तिन्हींचं उत्तर एकच आलं तर रेघ पक्की. बहुतेकांचं तसंच आलं.

अडलं दोन ठिकाणी. पहिलं गुणवत्तेचं. आमचे दोन्ही निरीक्षक उत्पादन प्रमुखांकडे रजा मागत होते, कारण गुणवत्ता प्रमुखांचं पद नवं होतं आणि जुनी सवय सुटली नव्हती. लॉट नाकारणारा माणूस लॉट काढणाऱ्याच्या हाताखाली असेल, तर महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई सुरू झाली की त्याचा नकार टिकत नाही. मी हे मालकांसमोर ठेवलं. त्यांनी त्याच दिवशी दोन्ही निरीक्षकांची रजा गुणवत्ता प्रमुखांकडे दिली. आधी कारभारात बदल झाला, मग मी रेघ काढली. उलटं केलं असतं तर चार्ट खोटा ठरला असता.

दुसरं अडलं ते स्टोअर सांभाळणाऱ्या मामांचं. रजा खरेदी प्रमुख देतात, पण कुठलं कास्टिंग आधी काढायचं हे उत्पादन प्रमुख सांगतात. मामा म्हणाले, "दोघंही बोलावतात, मी कुणाचं ऐकू?" दोन सारख्याच रेघा काढल्या असत्या तर हा प्रश्न कागदावरही तसाच राहिला असता. आम्ही तिघांना एकत्र बसवून ठरवलं की मामांचे वरिष्ठ खरेदी प्रमुख, म्हणून ती रेघ सलग. उत्पादन प्रमुखांकडून रोजच्या कामाचा क्रम येतो, ती रेघ तुटक. पानाच्या खालच्या कोपऱ्यात दोन्ही रेघांचा अर्थ लिहिला. तो लिहिला नाही तर तुटक रेघेचा अर्थ प्रत्येकजण आपापला लावतो.

मग आखणी. पॉवरपॉइंटच्या `Slide Size` मध्ये `A4 Paper` निवडलं तर पान 27.51 बाय 19.05 सेंमी येतं. खरा ए-फोर 29.7 बाय 21 असतो, म्हणून `Custom` मध्ये आकडे हाताने टाकले. ऑपरेटर आणि हेल्परना प्रत्येकी चौकोन दिला नाही. दर पाळीला एकच चौकोन, त्यात 'ऑपरेटर 4, हेल्पर 2'. त्यामुळे सगळ्यात रुंद ओळ तिसरी झाली, सात चौकोनांची. दोन्ही बाजूंना 1.2 सेंमी समास सोडला की 27.3 उरतात. चौकोन 3.4 सेंमी रुंद ठेवला तर सातांचे 23.8 होतात आणि मधल्या सहा फटींना मिळून 3.5 उरतात. तेवढ्या जागेत रेघ मोकळी दिसते.

उंची 1.5 सेंमी ठेवली. 11 पॉइंटच्या देवनागरीत, वर वेलांटी आणि खाली उकार धरून, दोन ओळी त्यात बसतात, तिसरी बसत नाही. म्हणून कोणाचंही पद दोन ओळींच्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं. 'खरेदी व साहित्य व्यवस्थापन विभाग प्रमुख' हे 'खरेदी प्रमुख' झालं आणि कोणाचं काही बिघडलं नाही. या वेळी टेक्स्ट बॉक्सऐवजी `Shapes` मधला आयत घेतला, `Do not Autofit` आहे ना ते पाहिलं आणि तोच एक चौकोन `Ctrl+D` ने वाढवत गेले. मालकांचा चौकोनही त्याच मापाचा आहे. ते वर आहेत एवढं पुरतं.

रेघांसाठी साधी लाइन नको, `Elbow` कनेक्टर हवा. त्याचं टोक चौकोनाच्या कडेवरच्या ठिपक्याला चिकटलं की ते हिरवं दिसतं. न चिकटलेली रेघ दिसायला तशीच असते, पण चौकोन हलवला की ती जागेवर राहते. म्हणून काम संपल्यावर मी प्रत्येक चौकोन थोडा ओढून बघितला आणि `Ctrl+Z` केलं. दोन रेघा सुट्या सापडल्या.

उत्पादन प्रमुखांच्या खाली तीन चौकोन आहेत: पहिली पाळी, दुसरी पाळी, मेंटेनन्स. मधला बरोबर त्यांच्या खाली येतो, म्हणजे तिथे रेघ सरळ उतरायला हवी. पण तिच्यात मध्येच एक बारीक पायरी दिसत होती, मोठं करून बघितल्याशिवाय कळली नसती अशी. वरचा आणि खालचा चौकोन केसभर सरकलेले होते. अशी पायरी दिसली की रेघेला हात लावायचा नाही, चौकोन नीट करायचे. आधी तिसरी ओळ निवडून `Align Middle` आणि `Distribute Horizontally` केलं, मग उत्पादन प्रमुख आणि त्यांच्या खालचा मधला चौकोन निवडून `Align Center`. पायरी गेली. मात्र `Align Center` वरचा चौकोनही हलवतं, म्हणून त्यानंतर दोन्ही ओळी पुन्हा तपासाव्या लागल्या.

मामांची तुटक रेघ सगळ्यात शेवटी काढली. उत्पादन प्रमुखांच्या उजव्या कडेपासून मामांच्या डाव्या कडेपर्यंत जोडली तर ती मेंटेनन्सच्या चौकोनावरूनच खाली उतरत होती. कनेक्टरवरचा पिवळा ठिपका उजवीकडे ओढून तिची उभी बाजू मेंटेनन्स आणि स्टोअर यांच्या मधल्या फटीत आणली. हे जमलं कारण खरेदी प्रमुखांचा खांब मी उत्पादनाच्या शेजारीच ठेवला होता. पहिल्या चार्टमध्ये तो टोकाला होता. तिथून रेघ आली असती तर हिशेबाच्या दोन रेघा ओलांडूनच आली असती.

कोपऱ्यात तारीख आणि आवृत्ती क्रमांक टाकून तीन प्रिंट काढल्या: ऑफिस, शॉप आणि स्टोअर. ग्राहकाकडून आलेल्या बाईंनी चार्ट हातात घेतला, सरळ स्टोअरमध्ये गेल्या आणि मामांना विचारलं, तुम्ही कोणाला रिपोर्ट करता? मामांनी भिंतीकडे बघितलंही नाही. "खरेदीच्या साहेबांना," ते म्हणाले, "माल कुठला आधी काढायचा ते प्रॉडक्शनवाले सांगतात." बाईंनी तुटक रेघेवर पेनाने एक बरोबरची खूण केली आणि पुढच्या रॅककडे वळल्या.