पाच दांड्या फुल, आणि दोन चौक पुढे गाडी बंद

नागपुरात साठ व्होल्टच्या जुन्या स्कूटरमधून पाच लेड-ॲसिड बॅटऱ्या काढून त्या जागी लिथियमचा एलएफपी पॅक बसवला, की काही दिवसांतच एक तक्रार सुरू होते. डिस्प्लेवर पाचही दांड्या दिसत असतात, गाडी मस्त पळत असते, आणि मग सात-आठ किलोमीटरच्या आत सगळं संपतं. गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं: "भाऊ, पॅकच गेला तुमचा." माझ्या गाडीतही हेच झालं. मोजल्यावर कळलं की पॅक ठणठणीत आहे, डिस्प्लेच वेगळ्या बॅटरीचा हिशेब लावत होता.

या डिस्प्लेला बॅटरीत किती चार्ज उरला ते कळत नाही, त्याला फक्त व्होल्टेज दिसतं. लेड-ॲसिडमध्ये ते चालून जातं, कारण चार्ज उतरतो तसं तिचं व्होल्टेजही हळूहळू उतरत जातं. माझ्या डिस्प्लेची पाचवी दांडी ६२ व्होल्टच्या खाली विझते आणि पुढची प्रत्येक दांडी साधारण दोन-दोन व्होल्टला. एलएफपीची चाल मात्र सरळसोट असते. वीस सेलचा पॅक बराच काळ ६६ ते ६४ व्होल्टमध्येच रेंगाळतो आणि शेवटी एकदम कोसळतो. म्हणजे जवळजवळ सगळा प्रवास डिस्प्लेच्या 'फुल'मध्येच होऊन जातो.

हे ताडून पाहायला मी शंटवाला बॅटरी मीटर लावला. तो बॅटरीतून गेलेला करंट मोजून अँपिअर-तासांचा हिशेब ठेवतो. मीटर किमान शंभर व्होल्ट सोसणारा घ्यावा, कारण चार्जिंगच्या शेवटी या पॅकचं व्होल्टेज ७३ पर्यंत जातं. शंट, म्हणजे करंट मोजणारी धातूची पट्टी, निगेटिव्ह वायरमध्ये बसतो: एका बाजूला फक्त बीएमएसची, म्हणजे सेलची राखण करून गरज पडली तर वीज तोडणाऱ्या पॅकमधल्या सर्किटची निगेटिव्ह, दुसऱ्या बाजूला कंट्रोलर आणि चार्जर या दोघांचीही निगेटिव्ह. चार्जरची वायर चुकून बॅटरीच्या बाजूला राहिली, तर गाडी चालवताना गेलेले अँपिअर मोजले जातात, पण चार्ज करताना आलेले नाही, आणि दुसऱ्याच दिवशी आकडा खोटा ठरतो. मीटरच्या बारीक पॉझिटिव्ह वायरला एक अँपिअरचा फ्यूज हवाच. काम सुरू करण्याआधी एमसीबी बंद करा. शंटचे नट कचकून आवळा, सैल राहिले तर तिथेच गरम होतात.

मीटरमध्ये क्षमता ३० अँपिअर-तास भरली, पॅक पूर्ण चार्ज करून आकडा शंभर टक्क्यांवर आणला आणि घराजवळच गाडी रिकामी होईपर्यंत चालवली. चार्जर काढल्यावर लगेच ७२ च्या पुढे दिसणारं व्होल्टेज तासाभरात ६७ वर आलं. तो वरचा फुगा असतो, त्यात जीव नसतो. पुढे गाडी उभी करून घेतलेली मापं अशी: १५ अँपिअर-तास वापरल्यावर ६५.९, २४ वर ६४.४, २७ वर ६३.२. इथपर्यंत उभ्या गाडीत दांड्या पाचच. २९ ला ५८ व्होल्ट. पाच दांड्यांपासून गाडी थांबेपर्यंत हातात होते तीन अँपिअर-तास, म्हणजे माझ्या गाडीच्या ०.४ प्रति किलोमीटर वापराने सात-साडेसात किलोमीटर.

शेवटच्या टप्प्यात आणखी एक गंमत दिसते. सदर भागातल्या उड्डाणपुलावर चढताना मोटर करंट ओढते, व्होल्टेज दोनेक व्होल्ट दबतं आणि दांडी विझते. सिग्नलला थांबलं की ती परत येते. परत आलेल्या दांडीवर भरवसा ठेवू नये. एलएफपीत भार पडल्यावर दांडी हलू लागली, तर दहा टक्क्यांच्या आसपास पोचलोय असं धरायचं आणि चार्जिंगला लावायचं.

आता पॅक खरंच खराब आहे का, हे कसं ओळखायचं? गाडी बंद पडली तेव्हा डिस्प्ले चालू होता की तोही विझला, ते पाहा. डिस्प्ले चालू आणि मोटर बंद, तर कंट्रोलरने आपल्या किमान व्होल्टेजला, साधारण ५२ च्या आसपास, हात वर केले. पॅक प्रामाणिकपणे रिकामा झाला. सगळंच काळं पडलं तर बीएमएसने तोडलं. त्याआधी शंट मीटरवर दिसलेलं व्होल्टेज ६० च्या वर असेल आणि छापलेल्या क्षमतेपेक्षा बरेच कमी अँपिअर-तास वापरले गेले असतील, तर एखादा सेल बाकीच्यांच्या आधी तळाला जातोय असा संशय घ्यावा. मग दुकानदाराकडून बॅलन्स वायरवर वीसही सेलचं व्होल्टेज रिकाम्या अवस्थेत मोजून मागा. भरलेल्या पॅकमध्ये असा सेल सहज लपतो.

शंटचा आकडाही हळूहळू सरकतो. उभ्या गाडीत दिव्या-हॉर्नसाठी व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर खातो तो बारीक करंट नीट मोजला जात नाही, म्हणून आठवड्यातून एकदा पूर्ण चार्ज करून तो शंभरवर आणावा. जुन्या दांड्या मी तशाच ठेवल्या आहेत. डिस्प्ले बदलायला कंट्रोलरचं कनेक्टर जुळवावं लागतं, आणि ती डोकेदुखी फायद्याची नाही.